उभं राहिलं की धडधड: साधी चक्कर की पॉट्स, आणि गोळ्यांआधी काय करता येतं

प्रश्न: "वय २१, बी.फार्म. तिसरं वर्ष. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, तेव्हापासून उभी राहिले की छाती धडधडते, डोकं हलकं होतं, प्रॅक्टिकलला पंधरा मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही. आडवी झाले की बरं वाटतं. प्रत्यक्ष पडले एकदाच. ईसीजी, टूडी एको नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले टेन्शन, दुसरे म्हणाले साधी चक्कर आहे. माझ्या बहिणीला शाळेत प्रार्थनेला उभं राहून चक्कर यायची, ती आता ठणठणीत आहे. हे तेच का? गोळ्यांशिवाय काही करता येईल का?"

तुमच्या बहिणीला व्हायचं ते आणि तुम्हाला होतंय ते, हे बहुधा दोन वेगळे प्रकार आहेत. खात्री करायला फार मोठी तपासणी लागत नाही, पण ती उभं राहून करावी लागते. ईसीजी आणि एको दोन्ही आडवं झोपवून करतात, आणि आडवं झाल्यावर तुम्हाला त्रास होतच नाही. म्हणून ते रिपोर्ट नॉर्मल आले. हृदयाची रचना ठीक आहे एवढं त्यांनी सांगितलं, आणि ते महत्त्वाचंच आहे. उभं राहिल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुमची नाडी आणि रक्तदाब काय करतात, हे मात्र अजून कुणी मोजलेलं दिसत नाही.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी माणसात पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात, नाडी दहा ते वीस ठोक्यांनी वाढते आणि मेंदूला रक्त पुरत राहतं. ही सगळी कामगिरी स्वायत्त मज्जासंस्थेची. आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

साध्या चकरेत, म्हणजे डॉक्टर जिला व्हॅसोव्हेगल म्हणतात तिच्यात, ही यंत्रणा एरवी व्यवस्थित चालते आणि एखाद्या प्रसंगी अचानक उलटी फिरते. उन्हात प्रार्थनेला उभं राहणं, रक्त बघणं, इंजेक्शन, उपाशीपोटी गर्दी असं काहीतरी निमित्त असतं. आधी जांभया येतात, मळमळतं, घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. मग रक्तदाब एकदम खाली येतो आणि नाडी मंदावते, कधी चाळिशीपर्यंत. माणूस पडतो, आडवा झाल्यावर मिनिटाभरात शुद्धीवर येतो, आणि पुढचे कित्येक महिने त्याला काही होत नाही. तुमच्या बहिणीची गोष्ट याच्याशी जुळते.

पॉट्स, म्हणजे पॉश्चरल टॅकीकार्डिया सिंड्रोम, यात चित्र जवळजवळ उलटं असतं. रक्तदाब फारसा पडत नाही. त्याला सावरून धरायला नाडी मात्र धावत सुटते आणि उभं असेपर्यंत धावत राहते. हे निमित्ताने होत नाही, रोज होतं, सकाळी जास्त होतं. धडधड, हातांना कापरं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं, विचार न सुचणं, पायांचा रंग जांभळट होणं, थकवा, आणि आडवं झालं की काही मिनिटांत उतार. पॉट्सचे बहुतेक रुग्ण प्रत्यक्ष बेशुद्ध पडत नाहीत. पडायला येतात आणि बसतात. काहींना मात्र पॉट्सच्या जोडीला साधी चक्करही येते. त्यामुळे तुम्ही एकदा पडलात एवढ्यावरून इकडचा किंवा तिकडचा निष्कर्ष काढता येत नाही.

आणखी एक प्रकार या दोन्हींत मिसळला जातो. झटकन उठल्यावर पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि मिनिटाच्या आत ठीक होणं. उंच, सडपातळ तरुणांत हे भरपूर दिसतं. तो पॉट्स नाही. म्हणूनच नाडी मोजताना पहिल्या अर्ध्या मिनिटातली उसळी धरायची नसते.

आता मोजायचं कसं. घरात वरच्या दंडाला बांधायचं डिजिटल बीपीचं मशीन असेल तर उत्तम, कारण त्यात नाडीही दिसते. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर नाडीपुरता चालेल, पण बोटं गार असतील तर तो चुकतो. सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याआधी, ताप किंवा पाळी नसलेल्या दिवशी करा. घरातलं कुणीतरी शेजारी हवंच. दहा मिनिटं शांत आडवं पडून राहा आणि नाडी-रक्तदाब लिहा. मग उभं राहून टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेका. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. पोटऱ्या हलल्या की त्या रक्त वर ढकलतात आणि आकडा खोटा चांगला येतो. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या मिनिटाला दोन्ही आकडे लिहा, शेजारी काय वाटतंय तेही. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानांत दडे बसले तर लगेच आडवं व्हा; दहा मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. दोन-तीन वेगवेगळ्या सकाळी करा, कारण एका दिवसाच्या आकड्यावर मी कधीच निदान ठरवत नाही.

तुमच्या वयात नाडी आडव्यापेक्षा ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच टिकली, वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने पडला नाही, त्रास तीन महिन्यांहून जुना असला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला पॉट्स म्हणतात. १२ ते १९ या वयात ही मर्यादा ४० आहे, कारण त्या वयात निरोगी मुलांचीही नाडी उभं राहिल्यावर बरीच वाढते. नुसता आकडा आहे आणि त्रास काहीच नाही, तर तो आजार नव्हे.

"दुसरं कारण सापडलं नाही" या चार शब्दांत आपल्याकडे खूप काही दडलेलं असतं. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, शाकाहारी असाल तर बी-१२, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर एवढं मी प्रत्येकाचं बघतो. वजन उतरत असेल, कातडी काळवंडत असेल, खारट खावंसं वाटत असेल तर सकाळचं कॉर्टिसॉलही. चालू औषधंही सांगा: नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, काही नैराश्याच्या गोळ्या नाडी वाढवतात. उलट 'धडधडीसाठी' म्हणून कुणी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं असेल तर ते नाडी दाबून ठेवतं आणि चाचणी फसते. पण ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका. डेंग्यूत बरेच दिवस अंथरुणावर काढले असतील तर त्यानेही अशीच नाडी वाढते. मात्र ते हिंडू-फिरू लागल्यावर काही आठवड्यांत सुधारायला हवं.

टेन्शनबद्दल. घबराटीचा झटका बसलेलं, झोपलेलं असतानाही येतो. पॉट्सची धडधड उभं राहिल्यावर येते आणि आडवं झाल्यावर जाते. रोज असं होणाऱ्या माणसाला काळजी वाटणारच, पण ती काळजी त्रासामागून आलेली असते. वहीतले आकडे डॉक्टरांपुढे ठेवले की हा वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

पुढचं काही असेल तर मात्र चाचणी-बिचणी बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा: धावताना किंवा श्रम करताना बेशुद्ध पडणं, कसलीही पूर्वसूचना नसताना पडणं, झोपलेलं असताना अचानक सुरू होणारी धडधड, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू.

उपायांचं एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो, म्हणजे क्रम समजेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. २३ वर्षांची मुलगी, कपड्यांच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभी. व्हायरल तापानंतर त्रास सुरू झाला. आडवी असताना नाडी ७४, रक्तदाब ११०/७०. उभी राहिल्यावर पहिल्या मिनिटाला १०२, पाचव्याला ११६, दहाव्याला १२२. रक्तदाब ११२/७८, पावलं जांभळी. फरक ४८ ठोक्यांचा. हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन अगदी खाली. पॉट्सचा शिक्का मारण्याआधी लोह दिलं. हिमोग्लोबिन १२.५ झाल्यावर पुन्हा मोजलं तर फरक ४१. म्हणजे काही वाटा रक्त कमी असण्याचा होता, पण उरलेलं त्याने भागत नव्हतं.

मग २४ तासांची लघवी गोळा करून घेतली. ही तपासणी स्वस्त आहे, तरी आपल्याकडे फार कमी वेळा करतात. एकूण लघवी ९०० मिली आणि सोडियम ९६ मिलीमोल. जेवणातलं बहुतेक सगळं सोडियम लघवीवाटे जातं, त्यामुळे हिचं मीठ दिवसाला जेमतेम ६ ग्रॅम आणि पाणी त्याहून अपुरं, हे उघड झालं. दुकानात स्वच्छतागृह लांब म्हणून ती पाणीच पीत नव्हती. वर मंगळवारचा उपास.

पॉट्सच्या बऱ्याच रुग्णांत रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी असतो, आणि तो भरून काढायला मूत्रपिंडांनी जे मीठ धरून ठेवायला हवं ते ती पुरेसं धरत नाहीत. नुसतं पाणी प्यायलं तर ते लघवीवाटे निघून जातं. मिठाबरोबर गेलं तर काही काळ टिकतं. २०२१ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात भरपूर मिठाच्या आहारावर रुग्णांचा प्लाझ्मा वाढला, उभं असताना रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनालिन, म्हणजे नाडी पळवणारं रसायन, कमी झालं आणि नाडीची वाढही कमी झाली. पण ती निरोगी माणसांच्या पातळीला आली नाही. मिठाकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच.

तज्ज्ञांच्या शिफारशीत दिवसाला १० ते १२ ग्रॅम मीठ आणि २ ते ३ लिटर पाणी असं सांगतात. हा आकडा एकूण मिठाचा आहे, जेवणातलं धरून. परदेशी संकेतस्थळं वाचून लोक जेवणावर आणखी दहा ग्रॅम मीठ घेऊ लागतात. आपल्या जेवणात आमटी, भाजी, लोणचं, पापड धरून आधीच बरंच मीठ असतं, म्हणून आधी मोजायचं आणि तेवढीच तूट भरायची. हिला मी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस दिवसाला एक लिटर दिलं. त्यातलं सोडियम साधारण ४.४ ग्रॅम मिठाइतकं भरतं. ६ आणि ४.४ मिळून दहाच्या वर. अर्धा लिटर सकाळी, अर्धा दुपारी, बाकी साधं पाणी आणि ताक. दुकानात मिळणाऱ्या गोड फळांच्या चवीच्या डब्यांत सोडियम फार कमी असतं. पाकिटावर एका लिटरला सोडियम ७५ मिलीमोल लिहिलेलं बघून घ्या. महिन्याने लघवीतलं सोडियम १७२ झालं. १७० च्या आसपास पोचलं की मी मीठ वाढवणं थांबवतो.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब जास्त असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका. पॉट्सच्या काही रुग्णांचा रक्तदाब उभं राहिल्यावर चढतो. त्यांनाही सरसकट मीठ देत नाही. म्हणून वरच्या चाचणीत रक्तदाब लिहून ठेवणं नाडीइतकंच गरजेचं आहे.

सकाळ हा दिवसातला सर्वांत वाईट काळ. रात्रभर पाणी पोटात नसतं आणि लघवी होतच असते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो चार-सहा इंच उचलला की रात्री लघवीवाटे जाणारं मीठ-पाणी कमी होतं. नुसत्या उशा वाढवून हे साधत नाही, मान तेवढी दुखते. उठण्याआधी बिछान्यातच पाच मिनिटांत अर्धा लिटर साधं पाणी प्यायचं. मग कडेला बसून दोन मिनिटं पावलं वर-खाली करायची आणि मग उभं राहायचं. आंघोळ कोमट पाण्याने आणि स्टुलावर बसून, कारण कढत पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. पोटभर भातानंतर रक्त पोटाकडे वळतं, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं. उपास काही महिने बाजूला ठेवायला तिला सांगितलं. ती आधी तयार नव्हती, शेवटी फळं-दूध-ताकावर तडजोड झाली.

रक्त खाली साठू नये म्हणून वापरायच्या घट्ट मोज्यांबाबत आणि पट्ट्यांबाबत गैरसमज आहे. लोक गुडघ्यापर्यंतचे मोजे घेतात आणि उपयोग नाही म्हणून टाकून देतात. पोटऱ्यांपेक्षा पोटात आणि मांड्यांत जास्त रक्त साठतं. कॅनडातल्या कॅलगरीच्या अभ्यासातही, २०२१ साली, नुसत्या पोटऱ्या दाबल्याने फारसा फरक पडला नाही. पोट आणि मांड्या दाबल्याने नाडी आणि त्रास दोन्ही कमी झाले. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे आपल्या उन्हाळ्यात घालवत नाहीत. म्हणून मी आधी बाळंतिणीला किंवा शस्त्रक्रियेनंतर देतात तो पोटाचा पट्टा, आणि त्याखाली सायकल चालवताना घालतात तसली घट्ट चड्डी सुचवतो. आडवं असतानाच बांधायचा, उभं राहण्याच्या कामापुरता ठेवायचा, बसल्यावर सैल करायचा. श्वास अडेल इतका आवळायचा नाही.

आणि उभं असताना त्रास वाढू लागला की: पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या आणि ढुंगण आवळून धरा, मुठी घट्ट करा. तरी वाढलं तर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने उकिडवं बसा. साध्या चकरेच्या पूर्वसूचनेतही हेच चालतं. ते तुमच्या बहिणीलाही शिकवा.

व्यायाम हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग. लोक चालायला किंवा सूर्यनमस्काराला लागतात, तिसऱ्या दिवशी कोलमडतात आणि व्यायाम सोसत नाही असं ठरवून टाकतात. सुरुवात आडव्याने करायची, म्हणजे हृदयाला गुरुत्वाकर्षणाशी झगडावं न लागता काम मिळतं. हिने पहिला महिना जमिनीवर आडवं पडून, भिंतीला टेकवलेली छोटी पेडल सायकल फिरवली. आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. वाक्य पुरं बोलता येईल इतकाच जोर. दोन दिवस पाय उचलणं, कंबर वर उचलून धरणं, कुशीवर झोपून मांडी उचलणं. दुसऱ्या महिन्यात बसून सायकल, चौथ्यात चालणं. पोहता येत असेल तर पोहणं फार चांगलं, कारण शरीर आडवं असतं आणि पाणी बाहेरून दाब देतं. कपालभातीसारखा जोरजोरात श्वास मी सुरुवातीला बंद ठेवतो. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो.

पहिले चार ते सहा आठवडे व्यायामाने बरं वाटत नाही, थोडा थकवा वाढतोच. अमेरिकेत अशाच टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमात अर्ध्याहून जास्त लोकांनी मध्येच सोडलं. ज्यांनी पुरा केला त्यांच्यापैकी बहुतेकांची नाडी पॉट्सच्या निकषात राहिली नाही. पण एक इशारा, आणि डेंग्यूनंतरचा त्रास असल्याने तुम्हाला तो खास लागू आहे. थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आल्यासारखं अंग मोडून येत असेल, दिवसच्या दिवस उठवत नसेल, तर तो निराळा प्रश्न आहे. तिथे दर आठवड्याला व्यायाम वाढवल्याने नुकसान होतं. अशा वेळी मिनिटं वाढवायची नाहीत, मीठ, पाणी आणि पट्टा यांवरच थांबायचं आणि डॉक्टरांना हे स्पष्ट सांगायचं.

त्या मुलीची चार महिन्यांनंतरची नाडी: आडवी ७०, दहाव्या मिनिटाला १०३. फरक ३३, म्हणजे कागदावर अजूनही पॉट्स. पण ती सलग पाऊण तास काउंटरला उभी राहू लागली होती, आणि मालकाने मागे एक उंच स्टूल ठेवायला परवानगी दिली होती. सुधारणा मोजताना मी नाडीपेक्षा सलग किती वेळ उभं राहता येतं हे आधी बघतो.

तुमच्यासाठी क्रम असा: दोन-तीन सकाळच्या चाचण्या, मग रक्ताच्या तपासण्या आणि २४ तासांची लघवी, ही वही घेऊन फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञ. रक्तदाब आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर मीठ-पाणी आणि पट्टा एकदमच सुरू करा, आडवा व्यायाम त्यानंतर दोन आठवड्यांनी. तीन-चार महिने नीट करूनही उभं राहता येत नसेल तर गोळ्या आहेत: कमी मात्रेत प्रोप्रॅनोलॉल, आयव्हाब्राडिन, मिडोड्रिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन. कुठली घ्यायची हे तुमचा रक्तदाब आणि नाडी कशी वागते यावर ठरतं, म्हणून तेव्हाही तीच वही लागेल. तोवर कॉलेजला डॉक्टरांचं पत्र द्या आणि प्रॅक्टिकलला बसून काम करायला उंच स्टूल मागून घ्या. पंधराव्या मिनिटाला प्रयोग सोडून बाहेर यावं लागू नये यासाठी आत्ता एवढं तरी लगेच होण्यासारखं आहे.